टाकीच्या पोटावर २८,००० लिटर लिहिलंय, मग पाणी १८,५०० लिटरच का? घुमटाच्या टाकीचं माप काढण्याची पद्धत

नेरूळमधल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक जुनी आरसीसी टाकी आहे. खाली गोल भिंत, वर अर्ध्या चेंडूसारखा घुमट, आणि पोटावर कुणीतरी कधीतरी निळ्या रंगात लिहिलेलं ‘२८,००० लिटर’. पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार अशी नोटीस लागली, की सेक्रेटरीकाका त्या आकड्याकडे बोट दाखवायचे. “बत्तीस घरं, धरा सव्वाशे माणसं. दीड दिवस आरामात निघेल.” गेल्या उन्हाळ्यात दीड दिवस निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच नळ फुसफुसायला लागले आणि मग टाकी गळते, वॉचमन व्हॉल्व उघडा ठेवतो, तिसऱ्या मजल्यावरचे लोक गाड्या धुतात, असे सगळे आरोप झाले.

त्याच महिन्यात टाकीला बाहेरून रंग द्यायचं कोटेशन आलं: ८३२ चौरस फूट. मी बांधकामाची बिलं तपासण्याचं काम करतो, त्यामुळे तो कागद माझ्याकडे आला. टाकीकडे नुसतं पाहूनही ८३२ जास्त वाटत होतं. म्हणून एका रविवारी टेप, सुतळी आणि शेजारची दहावीतली मुलगी (तिचं महत्त्वमापनाचं प्रकरण नुकतंच झालं होतं) असा लवाजमा घेऊन गच्चीवर गेलो. पाणी का संपलं आणि कोटेशन का फुगलं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच मोजणीत मिळाली. ती मोजणी कशी केली ते सांगतो.

बाहेरून काय मोजायचं

टाकीचा व्यास बाहेरून थेट मोजता येत नाही, टेप टाकीच्या आरपार जाणार कशी? म्हणून परीघ मोजायचा. एकाने टेपचं टोक भिंतीला दाबून धरायचं, दुसऱ्याने टेप घेऊन फेरी मारायची. टेप सगळीकडे एकाच पातळीत हवी. मागच्या बाजूला ती हमखास खाली झुकते, तिथे वॉचमनला उभं केलं. तीन वेगवेगळ्या उंचीवर मापं घेतली: १०.९९, ११.०० आणि ११.०२ मीटर. आम्ही ११.०० धरलं. परिघाला π ने, म्हणजे ३.१४१६ ने भागलं की व्यास ३.५० मीटर आणि त्रिज्या १.७५ मीटर. या रीतीत आणखी एक सोय आहे. परिघात तीन सेंटीमीटरची चूक झाली, तर व्यासात जेमतेम एक सेंटीमीटरची होते.

मग एकूण उंची. घुमटाच्या माथ्यावर एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी आडवी टेकवून, तिच्यावर लेव्हल ठेवून, बाहेर आलेल्या टोकापासून खाली चौथऱ्यापर्यंत टेप सोडली: ४.४० मीटर. यासाठी घुमटावर चढायचं नाही. शिडीवर उभं राहून पट्टी सरकवता येते, शिडी मात्र खाली कुणीतरी धरलेली हवी.

भिंत कुठे संपते आणि घुमट कुठे सुरू होतो, ते आमच्या टाकीवर दोन बोटं रुंद पट्टी असल्यामुळे कळतं. चौथऱ्यापासून त्या पट्टीपर्यंत २.६५ मीटर. म्हणजे घुमटाची उंची ४.४० वजा २.६५, बरोबर १.७५ मीटर. त्रिज्याही १.७५. दोन्ही सारखे आले, तेव्हा हा घुमट खरोखर अर्धगोल आहे.

ही तपासणी टाळू नका. बऱ्याच टाक्यांवरचा घुमट अर्धगोल नसतो, उथळ ताटलीसारखा असतो, आणि खालून पाहताना फरक कळत नाही. आणखी एक तपासणी आहे, तीही सोपी. सुतळी घुमटावरून पलीकडे टाकायची, ती नेमकी माथ्यावरून जाईल असं पाहायचं आणि एका बाजूच्या पट्टीपासून दुसऱ्या बाजूच्या पट्टीपर्यंतची लांबी मोजायची. अर्धगोलावर ही लांबी परिघाच्या निम्मी येते. आमची सुतळी ५.४८ भरली, अपेक्षित होतं ५.५०. प्लॅस्टरचा उंचसखलपणा धरला तर याहून जवळ कुणी जाणार नाही. हाच घुमट एक मीटरच उंच असता, तर सुतळी ४.२० च्या आसपास भरली असती.

रंगाचं क्षेत्रफळ

कोटेशन कसं तयार झालं, ते त्या मुलीनेच पहिल्यांदा ओळखलं. “काका, यांनी दोन्हीकडे एकूण पृष्ठफळाचं सूत्र घातलंय.” बरोबर होतं तिचं. पुस्तकात वृत्तचितीचं एकूण पृष्ठफळ २πr(h + r) आणि भरीव अर्धगोलाचं ३πr² असं असतं. कोटेशन करणाऱ्याने दोन्ही काढून बेरीज केली:

वृत्तचिती: ११ × (२.६५ + १.७५) = ४८.४० चौ. मी.
अर्धगोल: ३ × ३.१४१६ × १.७५² = सुमारे २८.९ चौ. मी.
बेरीज: ७७.३ चौ. मी., म्हणजे ८३२ चौ. फूट

यात तीन गोल चकत्या फुकट घुसल्या आहेत. वृत्तचितीचं वरचं झाकण, जे टाकीला नाहीच, तिथे घुमट आहे. अर्धगोलाचा सपाट तळ, तोही नाही, कारण घुमट आतून पोकळ आणि भिंतीला जोडलेला. आणि टाकीचा तळ, जो चौथऱ्यावर टेकलेला आहे, तिथे ब्रश जाणार कुठून? एकेक चकती πr², म्हणजे सुमारे ९.६ चौरस मीटर. तीन मिळून २८.९. कोटेशनमधला अर्धगोलाचा आकडा पुन्हा पाहा, तोही २८.९ च. म्हणजे रंगाऱ्याने अर्धगोलाची जी रक्कम लावली, तेवढीच नेमकी जास्तीची होती. गंमत अशी, की पहिल्या ओळीतले ४८.४० हे आख्ख्या टाकीचं बरोबर उत्तर आहे! फक्त ते चुकून बरोबर आलं आहे.

आता योग्य रीत. रंग फक्त दोन पृष्ठांना लागतो: भिंतीच्या वक्रपृष्ठाला आणि घुमटाच्या वक्रपृष्ठाला.

भिंत: २πrh, म्हणजे परीघ × उंची = ११ × २.६५ = २९.१५ चौ. मी.
घुमट: २πr², म्हणजे परीघ × त्रिज्या = ११ × १.७५ = १९.२५ चौ. मी.
एकूण: ४८.४० चौ. मी.

घुमटाची ओळ पुन्हा वाचा. परीघ गुणिले त्रिज्या. पूर्ण चेंडूचं पृष्ठफळ परीघ गुणिले व्यास, म्हणजे त्याच्या मधल्या वर्तुळाच्या चौपट. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी हा नियम देताना चेंडूवर गुंडाळलेल्या जाळ्याची उपमा दिली आहे, आणि ती या घुमटाला चपखल बसते. घुमटाची उंची त्रिज्येइतकीच असल्यामुळे भिंत आणि घुमट यांची बेरीज एका गुणाकारात मावते:

रंगाचं क्षेत्रफळ = परीघ × एकूण उंची = ११ × ४.४० = ४८.४० चौ. मी.

टेपने घेतलेली दोन मापं, त्यांचा एक गुणाकार, आणि त्यात π लिहावाही लागत नाही. शिवाय पट्टी नेमकी कुठे आहे हे कळायचीही गरज उरत नाही. हे फार कामाचं आहे, कारण ज्या टाकीला पट्टी नसते, तिथे भिंत कुठे वळायला लागते ते डोळ्यांनी सांगता येत नाही. आमच्या मापाच्या घुमटावर सांध्यापासून दहा सेंटीमीटर वर गेलं, तरी पृष्ठभाग आत फक्त तीन मिलिमीटर सरकलेला असतो. एवढा फरक तर प्लॅस्टरमध्येच असतो.

हा गुणाकार अर्धगोलापुरताच चालतो, हे विसरायचं नाही. घुमट उथळ असेल आणि त्याची उंची d असेल, तर त्याचं पृष्ठफळ π(r² + d²) घ्यायचं. आमच्या टाकीवर एक मीटर उंचीचा घुमट असता, तर ते १२.७६ चौ. मी. आलं असतं, अर्धगोलाच्या दोनतृतीयांश.

चौरस मीटरचे चौरस फूट करताना १०.७६४ ने गुणायचं. ३.२८ ने गुणलेली बिलं मी पाहिली आहेत, तो लांबीचा गुणक आहे. ४८.४० × १०.७६४ = ५२१ चौ. फूट. कोटेशनचा दर २८ रुपये चौरस फूट होता. ८३२ च्या जागी ५२१ धरले, तेव्हा ८,७०८ रुपये कमी झाले. रंगाऱ्याशी भांडण झालं नाही. त्याने कागद पाहिला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “साहेब, आम्ही ॲपमध्ये टाकतो, जे येईल ते लिहितो.” मॅनहोलच्या झाकणाची जागा वजा करा म्हणून एका सभासदाने हट्ट धरला होता. ६० सेंटीमीटर व्यासाचं झाकण म्हणजे पाव चौरस मीटरहून किंचित जास्त, तेवढ्यासाठी माणसाशी घासाघीस करू नये. त्यापेक्षा ‘दोन हात’ दरात धरले आहेत का ते विचारा. क्षेत्रफळच दुप्पट करून दोन हात दाखवणारे भेटतात.

आतलं माप वेगळं असतं

पाणी आत असतं, त्यामुळे घनफळासाठी आतली त्रिज्या लागते. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बाहेरचा टेप हाताशी असतो म्हणून बाहेरचंच माप वापरलं जातं. मॅनहोलच्या कडेला सिमेंटची जाडी दिसते, ती पाहून काही जण समाधान करून घेतात. ती घुमटाची जाडी, भिंतीची नव्हे, आणि बऱ्याच टाक्यांत या दोन जाड्या वेगळ्या असतात.

आम्ही टाकी साफ करायच्या दिवसाची वाट पाहिली. आत उतरणारी माणसं नेहमीची होती. झाकण तासभर आधी उघडून ठेवलं आणि वर एक माणूस सतत उभा राहिला, बंद टाकीत एकट्याने कधीच उतरायचं नाही. त्यांच्याकडून आतला व्यास तीन दिशांनी घेतला, तिन्ही वेळा ३.२० मीटर. म्हणजे आतली त्रिज्या १.६० आणि प्लॅस्टर धरून भिंत १५ सेंटीमीटर जाड. तळापासून घुमटाच्या सांध्यापर्यंत आतली उंची २.५० मीटर. बाहेरच्या २.६५ मधून तळाच्या स्लॅबचे १५ सेंटीमीटर गेले. घुमटही इथे १५ सेंटीमीटरच जाड निघाला, त्यामुळे तो आतूनही १.६० त्रिज्येचा अर्धगोल.

वृत्तचिती: πr²h = ३.१४१६ × २.५६ × २.५० = २०.१०६ घनमीटर
अर्धगोल: (२/३)πr³ = (२/३) × ३.१४१६ × ४.०९६ = ८.५७९ घनमीटर
बेरीज: २८.६८५ घनमीटर

एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. २८,६८५ लिटर! पोटावरचा निळा आकडा सापडला. ज्याने तो लिहिला त्याचं गणित चोख होतं, आतलीच त्रिज्या घेतलेली होती. बाहेरची त्रिज्या घेतली असती, तर नुसत्या वृत्तचितीतच चार हजार लिटर वाढले असते. त्याचा प्रश्नच वेगळा होता. त्याने टाकीत जागा किती हे काढलं, पाणी किती राहील हे नाही.

घुमटात पाणी नसतं

आमच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप घुमटाच्या सांध्याखाली आहे. त्याच्या तोंडाची खालची कड सांध्याच्या दहा सेंटीमीटर खाली. पाणी त्या कडेला पोचलं की बाहेर वाहायला लागतं, त्यामुळे तळापासून २.४० मीटरच्या वर पाणी कधीच चढत नाही. घुमटातले साडेआठ हजार लिटर म्हणजे नुसती हवा.

सभेत हे सांगितल्यावर लगेच सूचना आली: ओव्हरफ्लो वर घ्या, घुमट भरा. हे करायचं नाही. घुमट हे झाकण आहे, स्वतःचं वजन पेलण्यापुरतं बांधलेलं. त्यात आतून पाण्याचा दाब आला, तर भिंत आणि घुमटाच्या सांध्यावर तो ताण येतो ज्यासाठी तिथे सळई घातलेलीच नसते. वर आणखी साडेआठ टन वजन खालच्या खांबांवर, आणि ते खांब किती जुने आहेत हे सगळ्यांना माहीत आहे.

खालच्या बाजूलाही थोडं जातं. आउटलेट पाइप तळापासून दहा सेंटीमीटर वर आहे, गाळ नळात येऊ नये म्हणून. त्याखालचं पाणी टाकीतच राहतं. म्हणजे वापरात येणारी उंची २.४० वजा ०.१०, फक्त २.३० मीटर:

३.१४१६ × २.५६ × २.३० = १८.४९८ घनमीटर, म्हणजे सुमारे १८,५०० लिटर

सेक्रेटरीकाकांचा दीड दिवस इथे बुडाला. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर धरतात. १२८ माणसांना १७,२८० लिटर लागतात. टाकी पूर्ण भरलेली असली, तरी ती एक दिवस आणि वर दीड-दोन तास पुरते. गळती नव्हती, वॉचमनही निर्दोष होता.

आतून वॉटरप्रूफिंग करायचं तर क्षेत्रफळ पुन्हा वेगळं, कारण इथे तळ मोजायचा असतो. तळ πr² = ८.०४, भिंत २πrh = २५.१३, घुमट २πr² = १६.०८, मिळून ४९.२५ चौ. मी., म्हणजे ५३० चौ. फूट. घुमटाला पाणी लागत नाही म्हणून तो वगळू नका. वाफ तिथेच जमते, क्लोरीनचा वासही तिथेच कोंडतो, आणि आमच्या टाकीत सळईचे गंजाचे डाग पहिल्यांदा घुमटाच्या आतच दिसले. भिंतीला जे लावाल तेच घुमटाला लावायची गरज नसते, त्यामुळे त्याचा दर वेगळा मागा.

काठीने पडताळणी

कागदावरचं घनफळ खरं आहे का, हे पाहायची एक साधी रीत आहे. वृत्तचितीत पाण्याची पातळी एक सेंटीमीटर वाढली, की पाणी वाढतं πr² × ०.०१ = ०.०८०४ घनमीटर, म्हणजे ८० लिटर. ही गोष्ट फक्त सरळ भिंतीच्या भागात खरी आहे, पण पाणी तिथेच असतं, त्यामुळे अडचण नाही.

खालची जमिनीतली टाकी साफ करायला पूर्ण रिकामी केली होती, त्या दिवशी तिच्यात १०,००० लिटरचा टँकर ओतला. वरच्या टाकीचा आउटलेट व्हॉल्व बंद केला, पंप लावून सगळं पाणी वर चढवलं आणि आधी-नंतर काठी बुडवून पातळी पाहिली. १०,००० भागिले ८०.४, म्हणजे १२४ सेंटीमीटर वाढायला हवी होती. वाढली १२१. तीन सेंटीमीटर म्हणजे अडीचशे लिटरच्या आत, आणि तेवढं पाणी पंपाला न खेचता येऊन खालच्या टाकीच्या तळाशी आणि पाइपात राहिलेलं दिसत होतं. टाकीचं माप बरोबर होतं आणि टँकरही प्रामाणिक निघाला. पातळी ११० च वाढली असती, तर आत आले होते ८,८०० लिटर, आणि मग टँकरवाल्याला विचारायला हवं होतं. काठी कोरडी हवी आणि ती तळाला उभी टेकली पाहिजे, तिरकी धरली तर पाणी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

रंगकाम दिवाळीआधी झालं. निळा आकडा पुसून रंगाऱ्याने नवीन लिहिलं: ‘वापराचे पाणी १८,५०० लि. / १ सेंमी = ८० लि.’ आणि टाकीशेजारी आता वॉचमनने खुणा केलेली एक काठी टांगलेली असते.